खराब माल, तक्रार आणि पैसे परत : आमचे नियम (1 ऑगस्टपासून लागू)

जुलैमध्ये नागपूरच्या एका ताईंना आमच्या कैरीच्या लोणच्याची बरणी मिळाली, तिच्यात वरच्या फोडींना बुरशी आली होती. झाकण सैल बसल्यामुळे प्रवासात तेल झिरपलं, फोडी तेलाच्या वर उघड्या पडल्या आणि त्यांना हवा लागली. ताईंचे पैसे परत दिले आहेत, त्या बॅचच्या उरलेल्या बरण्या विक्रीतून काढल्या आहेत आणि ती बॅच ज्यांच्याकडे गेली त्यांना फोन करून कळवलं आहे. अशा वेळी ग्राहकानं काय करायचं आणि आम्ही काय करायचं, हे आता लेखी ठरवलं आहे. प्रत्येक पार्सलमध्ये या नियमांची छापील प्रत असेल.

कशाला खराब म्हणायचं

बुरशी, आंबूस किंवा खवट वास, झाकण फुगणं, उघडताना फेस येणं, मसाल्यात जाळी किंवा किडे, लेबलवर लिहिलेल्यापेक्षा कमी वजन, फुटलेली किंवा गळकी बरणी, मागवलं एक आणि आलं दुसरंच. यातलं काहीही असेल तर पूर्ण पैसे परत मिळतील, कुरिअरच्या खर्चासकट. नवी बरणी हवी असेल तर ती पाठवू. निवड ग्राहकाची.

बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचं लोणचं खाऊ नका. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. लिंबाच्या लोणच्यावर कधी कधी पांढरे, कडक, पाण्यात विरघळणारे कण दिसतात, ते मिठाचे असतात. बुरशी मऊ आणि कापसासारखी असते. ओळखता येत नसेल तर फोटो पाठवा आणि उत्तर येईपर्यंत खाऊ नका.

“ओला चमचा घातला असेल” हे उत्तर आमच्याकडून मिळणार नाही. बरणी उघडल्यापासून पंधरा दिवसांत लोणचं खराब झालं, तर कारण न विचारता पैसे परत करू. त्यानंतर लेबलवरच्या मुदतीपर्यंत तक्रार आली, तर त्याच बॅचची आमच्याकडे ठेवलेली बरणी उघडून पाहू आणि काय आढळलं ते कळवू. प्रत्येक बॅचची एक बरणी यासाठी राखून ठेवतो.

तक्रार कशी करायची

लेबलवरच्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर एक फोटो खराबीचा आणि एक लेबलचा पाठवा. लेबलवर बॅच क्रमांक दिसला पाहिजे, त्यावरूनच बाकीच्या बरण्या शोधता येतात. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आम्ही मागत नाही. घरी आलेला खाऊ कॅमेरा लावून कुणी उघडत नाही. फोटो जमत नसेल तर फोन करा. प्रदर्शनातून घेतलेल्या बरणीचं बिल नसलं तरी चालेल. भेट मिळालेल्या बरणीची तक्रार घेणाराही करू शकतो, पैसे मात्र ज्यांनी भरले त्यांच्याकडे जातील.

तक्रारी मालकीणबाई स्वतः पाहतात. ऑनलाइन विक्रीच्या 2020 च्या नियमांप्रमाणे 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण व्हायला हवं. आम्ही पोच त्याच दिवशी देऊ आणि पैसे दोन कामाच्या दिवसांत, ज्या मार्गानं आले त्याच मार्गानं परत करू. रोख दिले असतील तर यूपीआयनं. खराब बरणी परत पाठवू नका, टाकून द्या.

खाऊन कुणाला त्रास झाला असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. मग आम्हाला कळवा, आणि ती बरणी मात्र टाकू नका. झाकण घट्ट लावून बाजूला ठेवा, तपासणीला लागेल.

चव आवडली नाही तर

न उघडलेली बरणी सात दिवसांत परत घेऊ, परतीचं कुरिअर ग्राहकाचं. उघडलेली घेता येत नाही, कारण ती दुसऱ्याला विकता येत नाही आणि विकणारही नाही.

आमची बांधिलकी

बुरशीची किंवा फुगलेल्या झाकणाची एकही तक्रार आली, की तपासणी होईपर्यंत त्या बॅचची विक्री बंद राहील. दोष त्या बॅचचाच निघाला, तर ती घेतलेल्या ज्यांचे क्रमांक आमच्याकडे आहेत त्या सगळ्यांना, त्यांनी तक्रार केली नसली तरी, आम्ही फोन करू. पैसे परत देताना वाईट अभिप्राय काढून टाका असं सांगणार नाही. आमच्या बिलावर “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” हे वाक्य कधीच नसेल. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आमच्या उत्तरानं समाधान झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही. खाद्यपदार्थाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडेही करता येते. आमच्याकडून पैसे परत घेतले म्हणून हे हक्क कमी होत नाहीत.

हे नियम 1 ऑगस्टच्या आधी घेतलेल्या आणि अजून मुदतीत असलेल्या बरण्यांनाही लागू आहेत.