जोड्या लावा: कोणाचं पिल्लू, कुठलं घर, कसला घोळका? (इयत्ता दुसरी, २० मार्क)

मुलांनो, पेन्सिलच घ्या, पेन नको, खोडायला लागणारच आहे. डावीकडच्या नावाची जोडी उजवीकडे शोधायची आणि मधे रेघ ओढायची, रेघ वाकडी आली तर मार्क कापणार नाही. आईबाबांनी प्रश्न वाचून दाखवायचा, उत्तर पुटपुटायचं नाही, आजीआजोबांनी तर अजिबातच नाही, त्यांना सगळं येतं!

भाग १: हे बाळ कोणाचं? (७ मार्क)

| | |
|---|---|
| १. गाय | क. शिंगरू |
| २. म्हैस | ख. करडू |
| ३. शेळी | ग. छावा |
| ४. मेंढी | घ. वासरू |
| ५. घोडी | च. पाडस |
| ६. हरीण | छ. रेडकू |
| ७. सिंहीण | ज. कोकरू |

करडू आणि कोकरू यांत दरवर्षी अर्धा वर्ग गोंधळतो, म्हणून एक हिंट देते: घोंगडी ज्याच्या आईच्या लोकरीची बनते ते कोकरू.

भाग २: मी कुठे राहतो? (६ मार्क)

| | |
|---|---|
| १. घोडा | क. ढोली |
| २. कोंबडी | ख. बीळ |
| ३. मधमाशी | ग. तबेला |
| ४. उंदीर | घ. जाळं |
| ५. कोळी | च. खुराडं |
| ६. पोपट | छ. पोळं |

पोपटासमोर पिंजरा शोधू नका, तो मुद्दाम दिलेला नाही, पिंजऱ्यात त्याला आपण माणसं ठेवतो, त्याचं स्वतःचं घर झाडात असतं.

भाग ३: आम्ही सगळे मिळून (५ मार्क)

| | |
|---|---|
| १. पक्षी | क. तांडा |
| २. मेंढ्या | ख. टोळी |
| ३. माकडं | ग. रांग |
| ४. उंट | घ. थवा |
| ५. मुंग्या | च. कळप |

जोडी लावली की मोठ्यानं म्हणून बघा, 'मुंग्यांचा थवा' म्हटलं की तुमचं तुम्हालाच हसू येईल, मग खोडा आणि दुसरं बघा.

डोकं खाजवा (२ मार्क)

१. वारूळ कोण बांधतं? नाग, उंदीर की वाळवी?
२. सुगरणीचा खोपा झाडाला लटकतो ना, खाली नळीसारखं दार असलेला, तो कोण विणतं? नर की मादी?

उत्तरं (पालकांनो, हा भाग आधी दुमडून ठेवा)

भाग १: १-घ, २-छ, ३-ख, ४-ज, ५-क, ६-च, ७-ग
भाग २: १-ग, २-च, ३-छ, ४-ख, ५-घ, ६-क
भाग ३: १-घ, २-च, ३-ख, ४-क, ५-ग

डोकं खाजवा: पहिल्याचं उत्तर वाळवी. ती माती आणि आपली लाळ कालवून वारूळ उभं करते, नागोबा नंतर आयता येऊन राहतो, आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते काय उगीच नाही. दुसऱ्याचं उत्तर नर. तो गवताच्या, पानांच्या बारीक पट्ट्या चोचीनं ओवून अर्धा खोपा विणतो, मग मादी येऊन बघते, पसंत पडला तरच पुढचं काम होतं, नाही पडला तर बिचारा दुसरा विणायला घेतो.