गुलाबी बोंडअळीचा लेख: परीक्षकांचे शेरे आणि आपली उत्तरं

मॅडम, पत्राच्या दोन्ही फोटोंवरून तक्ता केला आहे. क्रमांक पत्रातलेच, शेरे माझ्या शब्दांत. जिथे अक्षर दिसत नाही तिथे अंदाजाने काही भरलेलं नाही.

| शेरा | करायचा बदल | स्थिती |
|---|---|---|
| 1.1 घाटंजी तालुक्यातली 24 शेतं कशी निवडली, ते लिहिलेलं नाही. | तीन गावं, प्रत्येकी 8 शेतं; त्यांतल्या 4 शेतांत मागच्या हंगामात फरदड होती, 4 शेतांतली पऱ्हाटी डिसेंबरअखेर उपटलेली. शेतं ओळखीतून मिळाली हेही मर्यादा म्हणून लिहायचं. | लिहून झालं, तुम्ही वाचायचं |
| 1.2 डोमकळ्या आणि किडकी बोंडं एकत्र मोजली आहेत. | वेगळे रकाने. वहीत नोंदी वेगळ्याच आहेत, बेरीज आपण तक्त्यात केली. | 15 शेतं झाली, 9 बाकी |
| 1.3 दोन जनुकांचं बीटी 2002 मध्ये आलं, हे चूक. | 2002 मध्ये एकाच जनुकाचं, म्हणजे क्राय1एसीचं. क्राय2एबी जोडलेलं 2006 मध्ये. | झालं |
| 2.1 शुद्धलेखन. | दुरुस्त केलं. | झालं |
| 2.2 'फरदडीमुळेच अळी वाढली' असं या नोंदींवरून म्हणता येत नाही. | 'फरदड ठेवलेल्या शेतांत प्रादुर्भाव जास्त आढळला' एवढंच ठेवायचं. पतंग शेजारच्या धुऱ्यावरून उडून येतो, शिवाय पेरणीच्या तारखा आणि फवारण्याही सारख्या नव्हत्या. | तुमचा निर्णय हवा |
| 2.3 संकेत पातळीचा आकडा तपासा: सलग तीन रात्री दर सापळ्यात … पतंग (आकडा घडीत गेला). | आपण 5 लिहिलं आहे. 5 हे हेक्टरी कामगंध सापळे; पतंगांची पातळी 8. | आपली चूक नक्की. परीक्षकाचा आकडा वाचायचा आहे |
| 2.4 पाऊस कोणत्या केंद्रावरचा? 'तसेच …' यापुढची ओळ फोटोत नाही. | तालुक्याच्या सरासरीऐवजी महसूल मंडळाचे आकडे घ्यायचे. | सुरू नाही |

2.2 बद्दल मला मनापासून वाटतं की परीक्षकाचं ऐकावं. फरदड नको हा सल्ला योग्यच आहे, गावात आपण तो देतोच. पण आपल्या 24 शेतांनी कारण सिद्ध केलेलं नाही. शीर्षकातला 'मुळे' हा शब्दही मग काढावा लागेल.

दुसऱ्या पानाचा फोटो तेवढा परत पाठवा. पान घडी मोडून सपाट ठेवा आणि दारातल्या उजेडात काढा, खालची कडा पूर्ण येऊ द्या. 2.4 मध्ये आणखी एखादी मागणी असली, तर मंडळाचे आकडे आणायला जाईन तेव्हा तीही त्याच फेरीत होईल. उरलेली 9 शेतं गुरुवारपर्यंत वहीवरून उतरवतो.