बंड्याचा केक: तुमचे तीन फोटो आणि माझं एक चित्र

वहिनी, नमस्कार.

फोनवर 'बघून सांगते' म्हटलं होतं, ते आता लिहूनच कळवते. फोनवर तुम्ही 'तुला बरं वाटेल ते कर गं' म्हणून मोकळ्या होता आणि आदल्या दिवशी दादांना भलतंच काहीतरी हवं असतं. हा मेसेज त्यांनाही वाचायला द्या.

मी धरलंय ते असं: १७ मे, रविवार, संध्याकाळी साडेसहा, मालगुंडला तुमच्या अंगणात. पंचवीस-तीस माणसं, दोन किलो केक, आत हापूस. आणि बंड्याची मागणी एकच, 'आजोबांची होडी'. प्रत्येक डिझाइनला मी तीनच प्रश्न विचारले. काम किती स्वच्छ दिसेल, होडीशी किती जुळेल, आणि रत्नागिरीत माझ्या ओट्यावर केलेलं ते आरे-वारेची वळणं घेत तुमच्या अंगणापर्यंत धड पोचेल का.

पहिला फोटो, दोन मजली निळा समुद्र, फॉण्डंटचा. दिसतो खरा काचेसारखा, एक सुरकुती नाही. पण तो केक एसी हॉलमध्ये उभा आहे, मागे खिडकीचे पडदेसुद्धा दिसतात. फॉण्डंट म्हणजे साखरेची पोळी, आणि साखर दमट हवेतलं पाणी ओढते. आपल्याकडे मे महिन्यात मीठ बरणीत ओलं होतं, मग याचं काय होणार? वरून फ्रिजमधून बाहेर काढला की त्यावर दव धरतं, केक चकचकीत आणि चिकट होतो, गडद निळा ओघळून पांढऱ्या फेसावर उतरतो. खाणाऱ्यांच्या जिभा निळ्या होतात ते वेगळंच. आणि त्यावरचा जांभळा ऑक्टोपस, तारामासा, मोत्याचे शिंपले बंड्याच्या ओळखीचे कुठे आहेत? त्याला विचारा, तो बांगडा आणि सुरमई सांगेल. शिवाय ती चित्रं कडक व्हायला सुकवावी लागतात, या हवेत त्याला तीन-चार दिवस जातात. पैसे जवळजवळ दुप्पट आणि फॉण्डंट मुलं सोलून ताटात ठेवतात. हा माझ्याकडून नाही.

दुसरा, होडीच्या फोटोची खायची प्रिंट. सफाईत याला पहिला नंबर देईन, कारण हाताचं काम जवळजवळ नाहीच. कडा सरळ, रंग हुबेहूब. जुळण्याचं म्हणाल तर ही प्रत्यक्ष आजोबांचीच होडी. पण फोटोत आजोबाही उभे आहेत, वहिनी. साडेसहाला बंड्या सुरी घेऊन नेमका त्यांच्या तोंडावरून फिरवणार, आणि आजी पहिल्या रांगेत बसलेल्या असणार. शिवाय क्रीमच्या ओलाव्याने प्रिंटचा रंग हळूहळू पसरतो, म्हणून ती निघायच्या जरा आधीच लावायची. खर्च सगळ्यात कमी. घाईची ऑर्डर असती तर मीच हा सुचवला असता.

तिसरा, दीपगृह. हा दादांचा आवडता, असं तुमच्या बोलण्यावरून कळलं. मलाही आवडला, म्हणून यावर जास्त वेळ घातला. लाल-पांढरे पट्टे दिसायला सोपे वाटतात, पण उभ्या गोल केकवर पट्ट्याची कड सरळ आणणं कठीण, आणि लाल रंग रात्रभरात शेजारच्या पांढऱ्यात उतरतो. माझ्या फ्रिजच्या दोन जाळ्यांमध्ये अकरा इंच जागा आहे, हा केक चौदा इंच उंच. जाळी काढून बसवता येईल, पण मग घरचं दूध-भाजी दोन दिवस शेजारी. त्याहून मोठी अडचण हापूसची. आंब्याच्या फोडी रस सोडतात आणि उंच केकमध्ये थर एकमेकांवरून सरकायला लागतात. गेल्या वर्षी मी असाच एक उंच केक केला होता. आत स्ट्रॉचे आधार घातले होते, तरी आरे-वारेच्या उतारावर तो डावीकडे कलला. मी मागच्या सीटवर बसून दोन्ही हातांनी खोका धरून होते. पोचला, पण समोरून बघणाऱ्यांनाच सरळ दिसत होता. आणि मुळात दीपगृह म्हणजे होडी नव्हे. होडी परत येते ती त्याच्या उजेडावर, हे आपल्याला कळतं, सहा वर्षांच्या मुलाला केकवर होडीच हवी असते.

आता माझं चित्र, सोबत पेन्सिलने काढलेलं पाठवलंय. एक मजली गोल केक, दहा इंची. वर पांढऱ्या चॉकलेटच्या गनाशचा पातळ थर, चॉकलेट जास्त आणि क्रीम कमी धरून, म्हणजे तो घट्ट बसतो आणि नुसत्या क्रीमपेक्षा उकाड्यात जास्त वेळ तग धरतो. त्यावर क्रीमच्या लाटा, फिक्या निळ्यापासून हिरवट निळ्यापर्यंत तीन छटा, छोट्या सुरीने ओढलेल्या. यात गंमत अशी की लाट वाकडी गेली तरी ती लाटच असते, त्यामुळे प्रवासात थोडं हललं तरी केक अस्वच्छ दिसत नाही. एका बाजूला मारी बिस्किटांच्या चुऱ्याची वाळू, काठाला ताज्या नारळाचा कीस घालावा असं मनात आलं होतं, पण तो उकाड्यात आंबतो, म्हणून सुका कीस.

होडी कंपाउंड चॉकलेटची, साधारण पाच इंच. तळ, दोन्ही बाजू आणि केबिन वेगवेगळे ओतून चॉकलेटनेच चिकटवायचे. ती शुक्रवारीच तयार होईल आणि वेगळ्या डब्यातून येईल. तुमच्या अंगणात आल्यावर मी ती लाटांत बसवीन, नाक जरा वर करून. तेवढी दहा मिनिटं मला द्या आणि बंड्याला तेव्हा मागच्या दारी ठेवा. केक कापताना होडी उचलून त्याच्या हातात द्यायची, म्हणजे सुरीचा प्रश्नच मिटला.

याचेही दोष सांगते. फोटोत हा फॉण्डंटइतका गुळगुळीत दिसणार नाही. आणि सव्वासहाच्या आधी तो अंगणात आणायचा नाही, तोवर तुमच्या फ्रिजमध्ये. मधली जाळी काढून ठेवा, खोका बारा इंच रुंद आहे. मेणबत्त्या वाळूच्या बाजूला, चॉकलेटपासून लांब. हापूसच्या फोडींऐवजी आटवलेला रस भरते, चव तीच आणि थर सरकत नाहीत.

दादांचं दीपगृह अगदीच सोडवत नसेल तर केकच्या मागे बोर्डावर कागदाचं उभं करते, त्याचे पैसे नाहीत. नावही बोर्डावरच लिहीन, लाटांवर अक्षरं गिचमिड दिसतात.

सगळं मिळून २२०० रुपये, पोचवण्याचे २०० वेगळे. प्रिंटवाला घेतलात तर १६००.

एक काम तुमच्याकडे. होडीचा रंग फोटोत नीट कळत नाही, उन्हाने पांढरा पडलाय. बाजूचा पट्टा भगवा आहे की लाल? १ जूनला मासेमारीची बंदी लागेल, पण होडी अजून पाण्यात आहे ना, मग आजोबांना उद्या सकाळी जवळून एक फोटो काढायला सांगा, नंबर दिसेल असा. तो नंबर मला होडीवर घालायचाय. बुधवारपर्यंत मिळाला तर बरं, गुरुवारी मी चॉकलेट ओतायला घेते.