जामीनदाराच्या अटीऐवजी जादा आगाऊ भाडे स्वीकारण्याबाबत विनंती

दिनांक : १२ मार्च

प्रति,
आदरणीय घरमालक महोदया,

विषय : भाडेकराराच्या मसुद्यातील कलम ७ (जामीनदार) वगळून त्याऐवजी तीन महिन्यांचे जादा आगाऊ भाडे स्वीकारण्याबाबत.

स.न.वि.वि.

८ मार्च रोजी आपण स्वतः वेळ काढून दुसऱ्या मजल्यावरील घर आम्हाला दाखवलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. घर मला आणि माझ्या आईला, दोघांनाही पसंत आहे. आपण पाठवलेला कराराचा मसुदा मी दोनदा नीट वाचला. भाडे, दोन महिन्यांची अनामत रक्कम, बारा महिन्यांची मुदत आणि दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भाडे भरण्याची अट मला जशीच्या तशी मान्य आहे. अडचण फक्त कलम ७ची आहे. त्यानुसार भाड्याच्या तिप्पट मासिक उत्पन्न असलेल्या नोकरदार व्यक्तीने जामीनदार म्हणून करारावर सही करणे आवश्यक आहे, आणि असा जामीनदार मी देऊ शकत नाही.

त्यामागची कारणे मोकळेपणाने सांगतो. माझे वडील हयात नाहीत आणि आईचे स्वतंत्र उत्पन्न नाही. थोरला भाऊ सही करायला आनंदाने तयार आहे, पण त्याच्या गृहकर्जाचा हप्ता वजा जाता उरणारे उत्पन्न आपल्या अटीत बसत नाही. दोघा सहकाऱ्यांपैकी कोणी नाही म्हणाले नसते, तरीही मी त्यांना विचारलेले नाही. माझ्या वडिलांनी एका परिचितासाठी जामीन म्हणून सही केली होती आणि त्याची थकबाकी ते पुढे कित्येक वर्षे फेडत राहिले. ते दिवस मी घरात पाहिले आहेत. माझ्या भाड्याची जबाबदारी दुसऱ्याच्या संसारावर टाकायची नाही, हे मी तेव्हापासून मनाशी ठरवले आहे. आपल्या अटीबद्दल माझी तक्रार नाही. भाडे थकले तर मागायचे कोणाकडे, हा आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे माझे काम आहे.

ते उत्तर असे. करारावर सही करताना मी अनामत रकमेशिवाय एकूण चार महिन्यांचे भाडे बँकेमार्फत आपल्या खात्यात जमा करीन. त्यातील एक महिना पहिल्या महिन्याचे भाडे म्हणून धरावा आणि उरलेले तीन महिने आपल्याकडे राखीव ठेवावेत. दुसऱ्या महिन्यापासून मी ठरलेल्या तारखेला नेहमीप्रमाणे भाडे भरत राहीन. त्यामुळे माझ्या वास्तव्याचे शेवटचे तीन महिने सुरू होईपर्यंत आपण कायम तीन महिने पुढे असाल, आणि राखीव भाडे त्या शेवटच्या तीन महिन्यांपोटी वळते होईल.

संपूर्ण वर्षाचे भाडे एकदम देऊ करावे, असेही माझ्या मनात आले होते. विचारांती ते मला आपल्याच दृष्टीने कमी उपयोगाचे वाटले. एकरकमी दिलेले भाडे महिन्यागणिक संपत जाते, वर्षअखेरीस आपल्या हाती काहीच उरत नाही, आणि करार पुढे वाढवायचा झाला तर जामीनदाराचा प्रश्न पुन्हा तसाच उभा राहतो. शिवाय मी दरमहा वेळेवर पैसे भरतो की नाही, हेही त्यात आपल्याला कळत नाही. राखीव ठेवलेले तीन महिने मात्र शेवटचे तीन महिने सुरू होईपर्यंत शाबूत राहतात.

आपल्याला योग्य वाटल्यास कलम ७च्या जागी पुढील मजकूर घालावा, अशी माझी सूचना आहे :

“भाडेकरूने करारावर सही करताना अनामत रकमेव्यतिरिक्त तीन महिन्यांचे भाडे राखीव आगाऊ भाडे म्हणून घरमालकांकडे जमा केले असून घरमालकांनी त्याची पावती दिली आहे. एखाद्या महिन्याचे भाडे मुदतीत न मिळाल्यास घरमालक ते या रकमेतून वळते करून घेतील व तसे भाडेकरूस लेखी कळवतील. भाडेकरू कळवल्यापासून ३० दिवसांत ती रक्कम पुन्हा पूर्ण करील. न केल्यास घरमालकांना करार संपवण्याची नोटीस देता येईल. करार नियमानुसार मुदतीआधी संपल्यास न वापरलेले राखीव भाडे घर ताब्यात घेतल्यापासून १५ दिवसांत परत केले जाईल. घराची मालकी बदलल्यास ही रक्कम नव्या मालकांकडे वर्ग होईल. या रकमेवर भाडेकरू व्याज मागणार नाही.”

हे पैसे भाड्याचे आहेत, अनामतीचे नव्हेत, हा फरक करारात स्पष्ट असावा असे मला वाटते, कारण दोन्ही रकमा एकत्र झाल्या की शेवटच्या हिशेबात दोन्ही पक्षांचे गैरसमज होतात. भाडेकरूकडून किती रक्कम आगाऊ घेता येते यावर कायद्याची काही मर्यादा लागू असेल, तर तिच्या आत बसेल एवढीच रक्कम धरावी. हा मजकूर आपण आपल्या वकिलांना अवश्य दाखवावा. त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांचा मी मोकळ्या मनाने विचार करीन.

एका बाबतीत माझा प्रस्ताव जामीनदाराइतका पुरा पडत नाही, तेही सांगायला हवे. घराचे नुकसान अनामत रकमेपेक्षा जास्त झाले, तर जामीनदाराकडे त्याची भरपाई मागता येते. राखीव भाडे त्यासाठी नाही. म्हणून ताबा घेताना प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून त्यावर आपण दोघांनी सह्या कराव्यात, दर तीन महिन्यांनी ४८ तासांची पूर्वसूचना देऊन आपण घर पाहून जावे, आणि माझ्या हातून होणाऱ्या अपघाती नुकसानीचा विमा मी स्वखर्चाने उतरवून त्याची प्रत आपल्याला द्यावी, अशी माझी तयारी आहे.

माझ्या उत्पन्नाविषयी थोडे लिहितो, कारण स्वतंत्र व्यवसाय म्हटला की शंका येणे स्वाभाविक आहे. मी गेली अकरा वर्षे तांत्रिक कागदपत्रांचे भाषांतर करतो. गेल्या २४ महिन्यांत माझे सरासरी मासिक उत्पन्न या घराच्या भाड्याच्या तिपटीहून थोडे अधिक होते, आणि सर्वांत वाईट महिन्यातही ते भाड्याच्या दीडपट होते. सध्याच्या घराचे भाडे मी सलग ६२ महिने भरले असून त्यात दोनदा उशीर झाला, एकदा चार दिवस आणि आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी नऊ दिवस. दोन्ही वेळा मी मालकांना आधी कळवले होते आणि तसे पत्र ते द्यायला तयार आहेत. ही सर्व रक्कम दिल्यानंतरही माझ्याकडे पाच महिन्यांचा घरखर्च शिल्लक राहतो. तो शिल्लक ठेवूनच मी हा आकडा ठरवला आहे, कारण सगळी पुंजी आगाऊ देऊन बसलो तर पुढचे भाडे वेळेवर भरण्याची माझी खात्री मलाच देता येणार नाही.

दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे, बँकेचे खातेउतारे आणि सध्याच्या मालकांचे पत्र मी आपल्या सोयीच्या दिवशी प्रत्यक्ष आणून दाखवीन.

घर १ एप्रिलपासून द्यायचे असल्याने आपला निर्णय २० मार्चपर्यंत कळावा, ही विनंती. प्रस्ताव मान्य असल्यास सुधारित मसुदा हाती येताच दोन दिवसांत मी सही करून रक्कम जमा करीन. जामीनदाराशिवाय घर देणे आपल्याला शक्यच नसेल, तर तसेही निःसंकोच कळवावे, म्हणजे आपल्याला दुसरा भाडेकरू पाहायला वेळ मिळेल.

कळावे,

आपला नम्र,
दुसऱ्या मजल्यावरील घराचा इच्छुक भाडेकरू