सोनूच्या व्हिडिओसोबतची माहिती (वय १९ महिने)

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

तासगावहून सोनूची आई. तो उजवा हात नि पाय कमी वापरतो, म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्याच्या खेळण्याचा नि चालण्याचा व्हिडिओ पाठवतेय, २ मिनिटं ३५ सेकंदांचा. मधे कुठेही कापलेला नाही. काल सकाळी त्याची झोप नि दूध झाल्यावर काढला, तो खुशीत होता. मागच्या कॅमेऱ्याने काढलाय, त्यामुळे डावं-उजवं उलटं दिसणार नाही. शिवाय त्याच्या डाव्या पायात काळा दोरा आहे, त्यावरून बाजू ओळखता येईल. अंगात फक्त बनियन-चड्डी, पाय अनवाणी, खाली शहाबादी फरशी. मोबाईल मावशीने धरलाय, ती पाटावर बसली होती म्हणून सगळं त्याच्या उंचीवरून दिसतं. माझा आवाज येतो तो फक्त हाक मारताना.

पहिली वीस सेकंदं तो एकटाच बसून खेळतो. डावा गुडघा वाकवून पाय जवळ घेतलाय, उजवा पाय सरळ पुढे, आणि त्या पायाची बोटं खाली ताणलेली. पाठ ताठ आहे, टेका लागत नाही. ०:२२ ला मी मागून हाक मारते, तो लगेच वळून हसतो.

०:३१ पासून कपड्यांचे चिमटे डब्यात टाकतो. एकूण एक चिमटा डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर पडलेला आहे, मूठ बंद. नीट पाहिलंत तर अंगठा मुठीच्या आत दिसेल. ०:४८ ला त्याच्या डाव्या हातात चिमटा असताना मी मुद्दाम उजव्या बाजूने दुसरा पुढे करते. तो उजवा हात पुढे करत नाही. हातातला चिमटा मांडीवर ठेवतो, डावा हात अंगावरून पलीकडे नेतो आणि नवा घेतो. हा भाग कृपया सावकाश पाहा. घरात दिवसभर असंच चालतं, पण कामाच्या धबडग्यात आमच्या ते नजरेत येत नव्हतं.

१:०५ ला डब्याचं झाकण काढायचं आहे, म्हणजे दोन्ही हात हवेत. इथे उजवा हात येतो, पण पंजाने डबा धरत नाही, मनगटाने पोटाशी दाबून ठेवतो. झाकण डाव्याने निघतं.

१:२० ला ताटलीत चार चुरमुरे ठेवलेत. आधी डाव्या हाताने अंगठा नि पहिलं बोट जुळवून एक अलगद उचलतो. मग मी त्याचा डावा हात हलकेच माझ्या हातात धरते. उजवी मूठ उघडायला वेळ लागतो. उघडल्यावर सगळ्या बोटांनी मिळून ओढतो, दोन चुरमुरे फरशीवर सांडतात, एकही तोंडापर्यंत जात नाही. तो चिडतो, रडवेला होतो, म्हणून मी लगेच हात सोडला. तुम्हाला जास्त वेळ पाहायचं असेल तर तुमच्यासमोरच करू. घरी पुन्हा त्याला रडवायचं माझ्या जिवावर येतं.

१:४२ ला पलंगाला धरून उठतो. आधी डावं पाऊल टेकवतो, जोर त्याच पायावर. त्यानंतर आजीकडे चालत जातो, अंतर साधारण चार मीटर. सुरुवातीची पावलं सावकाश आहेत, तेव्हा दोन्ही टाचा टेकतात. आजीने "ये रे ये" म्हटलं की घाई करतो आणि उजवी टाच वर राहते, त्या बाजूला तो फक्त चवड्यावर चालतो. त्याच वेळी उजवा कोपर वाकून हात छातीशी येतो. डावा हात मात्र मोकळा हलतो. सावकाश आणि घाईत यातला हा फरक तुम्ही पाहावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण दवाखान्यात तो बिचकून माझ्या कडेवरून उतरतच नाही.

१:५८ ला पडतो. लागलं नाही. पडताना डावा हात पटकन पुढे येतो, उजवा येत नाही, त्यामुळे खांदा आधी टेकतो. लगेच स्वतः उठतो.

शेवटी बाहेर गाडीचा आवाज येतो तेव्हा डाव्या हाताने खिडकीकडे बोट दाखवून "गाई, गाई" म्हणतो आणि आजीने पाहिलं का हे वळून बघतो. बोलण्याची, ऐकण्याची काळजी आम्हाला वाटत नाही. आई, बाबा, आजी, पाणी, भूभू असे शब्द येतात, सांगितलेली वस्तू आणून देतो.

व्हिडिओत न दिसणारं थोडं. कपडे घालताना उजवी बाही चढवायला अवघड जातं, हात आखडून धरतो. गाढ झोपेत तीच मूठ सैल पडते. तो १५ महिन्यांचा असताना चालू लागला, रांगतानाही डाव्या हातावर जास्त रेटा असायचा. त्याच्या उजव्या बुटाचं टोक घासलं गेलंय आणि टाचेचा भाग जवळजवळ नवा आहे. दोन्ही बुटांच्या तळव्यांचा फोटो जोडलाय. आकडी कधी आलेली नाही. आधी येत होतं आणि आता बंद झालं, असं काहीही नाही. उलट रोज नवीन काहीतरी करतो.

जन्म ३४ आठवड्यांचा, वजन १ किलो ९०० ग्रॅम, काही दिवस काचेच्या पेटीत होता. तुम्ही सांगितल्याप्रमाणे ते सहा आठवडे वजा केले तर वय साधारण साडेसतरा महिने होतं. तेव्हा डोक्याची सोनोग्राफी झाली होती, तो कागद आणि डिस्चार्ज कार्ड यांचे फोटो सोबत आहेत.

सासूबाई म्हणतात, त्याचे आजोबा डावखुरे, हाही तसाच. आजोबा डावखुरे आहेत हे खरं, म्हणून तुम्हाला सांगतेय. पण डावखुरा माणूस उजव्या हाताने निदान डबा तरी धरतो, आणि सोनूचा तर त्याच बाजूचा पायही नीट टेकत नाही. शिवाय डावा हात पुढे करण्याची त्याची सवय आठव्या महिन्यापासूनची आहे. शेजारच्या एकांनी डावा हात फडक्याने बांधून ठेवा म्हणजे उजवा चालेल असं सुचवलं. तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही तसलं काही करणार नाही. करायचं असेल तर किती वेळ आणि कसं, हे तुमच्याकडूनच कळावं.

व्हिडिओ पाहून एवढं सांगा: त्याला लगेच सांगलीला आणायचं की पुढच्या गुरुवारच्या तारखेला चालेल? फिजिओथेरपीवाल्या ताईंना त्याच दिवशी दाखवता आलं तर आमची एक खेप वाचेल, यांना रजाही एकदाच टाकावी लागेल. आणि तोवर घरी उजव्या हाताने काय खेळवू, चिमटेच चालतील की मोठी वस्तू द्यावी?

व्हिडिओ तुमच्या आणि त्या ताईंच्या पाहण्यापुरताच ठेवावा, ही विनंती. पायऱ्या चढतानाचा किंवा मागून चालतानाचा हवा असेल तर कळवा, संध्याकाळी उजेड असेपर्यंत काढून पाठवते. फोन दुपारी चारनंतर कधीही करा, तेव्हा तो उठलेला असतो आणि मी घरीच असते.

आपली,
सोनूची आई, तासगाव