हललेला फोटो

गणेशचा फोन मुळात आबांचा. केळीचे घड कापायच्या दिवसांत तो आबांच्या खिशातच असायचा, त्यामुळे कॅमेऱ्याच्या काचेवर चिकाचा तपकिरी पापुद्रा बसलेला. बारावीनंतर एक वर्ष तयारीसाठी गणेश इंदूरला निघाला तेव्हा आबांनी स्वतःसाठी बटणांचा साधा फोन घेतला आणि हा त्याच्या हातात दिला, आतल्या सिमकार्डासकट. कोचिंगच्या फॉर्मवर पालकांचा म्हणून हाच नंबर लागला होता.

भंवरकुव्याच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर त्याची खोली. खाली मालकीणबाईंची मेस. त्या मराठीच, तीन पिढ्या इंदुरात गेलेल्या, आणि सगळी पोरं त्यांना काकू म्हणायची. रात्री मेस आवरली की गणेश अडलेल्या प्रश्नाचा फोटो काढून मायाताईला पाठवायचा. ताई बी.एस्सी. झालेली, शहापूरच्या शाळेत गणित शिकवायची. गावात रेंज धरायला ओट्याच्या कडेला बसावं लागे, तिथे वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन ती वाट बघत असायची.

पहिल्या आठवड्यातले फोटो म्हणजे नुसतं धुकं. ताई म्हणाली, "काचेवर चीक आहे, भाऊ. कापडाला खोबरेल लावून हळू चोळ, मग साबणाचं बोट फिरव." धुकं गेलं. तरी अक्षरं चारी बाजूंनी फुगलेली, कापसाच्या बोंडासारखी.

"पुस्तकाला किती चिकटवतोस फोन? वीतभर लांब धर. इतक्या जवळचं त्या भिंगाला जमत नाही. लांबून काढ, मग मी मोठं करून बघते."

तेही सुटलं. पण प्रश्नपत्रिकेची छपाईच बारीक, त्यातून खोलीत एकच ट्यूब, तीही दाराजवळ. आकडे कळत नसत. ताई मात्र फोटो परत मागायची नाही. ज्याला आकडा दिसत नाही त्याला प्रश्न आतून बघावा लागतो, असं तिचं म्हणणं, आणि मला वाटतं गणेशला त्या वर्षी खरं शिक्षण मिळालं ते इथे.

एकदा मनोऱ्यावरून चेंडू वर फेकल्याचं उदाहरण होतं. वेग सेकंदाला 10 मीटर, g 10 धरायचा, चेंडू जमिनीवर कधी पडेल? मनोऱ्याची उंची 40 आहे की 48, ते फोटोत कळेना. "पुस्तकात बघून सांगू नकोस," ताई म्हणाली. "दोन्ही घालून बघू." 48 घातले तर वर्गमुळात 10.6 येत होतं. 40 घातल्यावर समीकरण झालं t² − 2t − 8 = 0, आणि उत्तर सरळ 4 सेकंद. "पर्यायांत 4 आहे?"

"आहे."

"मग उंची 40. आणि त्याचं दुसरं उत्तर उणे 2 आलं ना, ते टाकून देऊ नकोस, त्याचा अर्थ सांग."

गणेशला सांगता येईना. ताई म्हणाली, "तोच चेंडू कोणी जमिनीवरून 2 सेकंद आधी नेमक्या वेगाने उडवला असता, तर तो मनोऱ्याच्या टोकाशी याच वेगाने पोचला असता." गणेशने वहीत आकृती काढली, वेग काढून पाहिला, तो 30 आला. चेंडू वर जातोय आणि मनोरा त्याच्या वाटेत मधेच उभा आहे, हे त्याला पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसलं. त्या रात्री तो उशिरापर्यंत तशीच उदाहरणं करत बसला.

सप्टेंबरात फोटो पुन्हा बिघडले. ताईने पहिल्या दिवशी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी तिने फोटो ताणून मोठा केला. वाक्याच्या शेवटचा ठिपका ठिपका राहिला नव्हता, त्याची तिरपी रेघ झाली होती. वरच्या ओळीतला ठिपकाही तसाच, त्याच बाजूला झुकलेला. i च्या डोक्यावरचाही. फोकस चुकला तर ठिपका गोल फुगतो. सगळे ठिपके एकाच दिशेला ओढले गेले याचा अर्थ हात हलला होता.

तिने मागचे फोटो काढून बघितले. तीच खोली, तीच ट्यूब, तीच वेळ. ऑगस्टमधले ठिपके गोल होते.

"हात का थरथरतोय तुझा?"

"उजेड कमी आहे, ताई. उजेड कमी असला की कॅमेरा जास्त वेळ उघडा राहतो ना."

"ते मला माहितीये. उजेड पहिल्यापासून तेवढाच आहे. जेवलास?"

उत्तराऐवजी पुढचा प्रश्न आला. त्यातलेही ठिपके रेघा झालेले.

ताईने त्याच्याशी वाद घातला नाही. डिपॉझिट भरायला ती स्वतः आली होती, तेव्हा काकूंचा नंबर घेतला होता. तिने तो लावला. काकूंनी फोन कानाला धरूनच मेसची वही उघडली आणि म्हणाल्या, "अगं बाई, सोमवारपासून याची थाळीच नाही लागली. मला वाटलं गावाला गेला."

दहा मिनिटांत काकू तीन जिने चढून वर. गुडघे धरून दारात उभ्या. "अरे बेटा, तू खाली येत का नाही? मी काय तुला पैसे मागितले?" मागून मेसवाला पोरगा मऊ भात, मेतकूट आणि तूप घेऊन आला. गणेश खाईपर्यंत काकू खाटेवर बसून राहिल्या, कपाळाला हात लावून ताप बघितला, गोळी दिली, आणि जाताना दार उघडंच ठेवून गेल्या.

मग त्यानेच फोन लावला.

"ताई, टेस्टमध्ये एकाहत्तर पडले. तीनशेपैकी. मला खालच्या बॅचमध्ये टाकलंय."

"कधी?"

"सोमवारी. मार्कांचा मेसेज पालकांच्या नंबरवर जातो." तो थांबला. "म्हणजे माझ्याच खिशात येतो. प्रत्येक रविवारचा. मागच्या तीन टेस्टचे मी पुसून टाकले. आबांनी बाग उतरायच्या आधीच व्यापाऱ्याकडून उचल घेतली फीसाठी. खाली जेवायला गेलो की सगळे विचारतात, किती आले."

ताई बराच वेळ बोलली नाही. ओट्यावर कुणीतरी चुळ भरल्याचा आवाज ऐकू आला.

"आबा जागे आहेत," ती म्हणाली. "देऊ?"

"नको."

"बरं. रविवारी तू सांग, मी त्यांच्याजवळ बसलेली असेन. पण मी खोटं नाही बोलणार, त्यांनी आज विचारलं तरी नाही. आणि सकाळी ऑफिसात जाऊन तो नंबर बदल. माझा दे. चाळीस आले तरी मला कळू दे, मग निदान कुठून सुरू करायचं ते तरी ठरवता येईल."

"तू रागावलीस?"

"पुसलेल्या मेसेजवर रागावले. मार्कांवर नाही. झोप आता. प्रश्न उद्या."

सकाळी अंगात कणकण होती, तरी तो खाली उतरला. काकूंनी पोहे पुढे केले, वर शेव टाकली, आणि तो संपवेपर्यंत हलल्या नाहीत. कोचिंगच्या खिडकीशी रांग होती. आतल्या माणसाने फॉर्म सरकवला. गणेशने ताईचा नंबर एकेक आकडा सुटा काढून लिहिला, आबांच्या नंबरावर काट मारली.

"पिताजी का नंबर हटाना है?"

"जी. वो फोन मेरे पास रहता है."

माणसाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग फॉर्मकडे. "रिश्ता लिखो यहाँ."

गणेशने लिहिलं, बड़ी बहन, आणि खाली सही करून फॉर्म आत दिला.