व ह ग व: केळीच्या मळ्यातल्या स्टार्टरची स्टेट मशीन

(थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, प्रात्यक्षिकाचं पान. शुक्रवारच्या तासाला वही आणि पेन्सिल आणा. पेनाने आकृती काढू नका, बाण खोडावे लागतात.)

तुमच्यातले निम्मे यावल-रावेर पट्ट्यातून येता. केळीच्या मळ्यातला मोटरचा स्टार्टर तुम्ही पुस्तकातल्या कुठल्याही मशीनपेक्षा जास्त वेळा हाताळला आहे, म्हणून आजचं उदाहरण त्याचंच.

साधा स्टार्टर घ्या, ऑटो न बसवलेला. लाइट आली म्हणून मोटर आपोआप चालू होत नाही, हिरवं बटण दाबावं लागतं. लाइट गेली की आतली नो-व्होल्ट कॉइल सुटते आणि मोटर बंद पडते. लाइट परत आली तरी मोटर बंदच राहते, पुन्हा हिरवं दाबेपर्यंत. हे मुद्दाम तसं केलेलं असतं. कुणी विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह साफ करत असताना अचानक मोटर फिरू नये.

आपल्या मशीनची अक्षरं चार: व म्हणजे वीज आली, ग म्हणजे वीज गेली, ह म्हणजे हिरवं बटण, ल म्हणजे लाल बटण. स्टेट तीन: q0 म्हणजे लाइट नाही, q1 म्हणजे लाइट आहे पण मोटर बंद, q2 म्हणजे मोटर चालू. रात्रभर जे जे घडलं ते ओळीने लिहिलं की एक स्ट्रिंग तयार होते. ती q2 मध्ये संपली तर ॲक्सेप्ट, म्हणजे सकाळी मळ्यात गेलो तेव्हा पाणी चालू होतं.

```
→ (q0) --व--> (q1) --ह--> ((q2))

  (q1) --ग--> (q0)
((q2)) --ल--> (q1)
((q2)) --ग--> (q0)

स्वतःकडेच परतणारे बाण:
  (q0)   ग, ह, ल
  (q1)   व, ल
((q2))   व, ह
```

वहीत काढताना q0 कडे कुठूनही न येणारा एक छोटा बाण काढा, ती सुरुवात. q2 ला दुहेरी वर्तुळ. आणि प्रत्येक वर्तुळातून चारही अक्षरांचा एकेक बाण निघाला आहे ना, ते मोजा. तीन वर्तुळं, चार अक्षरं, म्हणजे बारा. गेल्या वेळी तपासलेल्या बऱ्याच वह्यांत नऊ-दहाच निघाले, राहिलेले सगळे सेल्फ लूप. लाइट नसताना हिरवं बटण दाबलं तर काय होतं? काहीच होत नाही. पण "काहीच होत नाही" हासुद्धा एक बाण आहे. तो काढला नाही तर ह वाचल्यावर मशीनने कुठे जायचं ते ठरलेलंच नाही.

आता बोट q0 वर ठेवा आणि स्ट्रिंग डावीकडून एकेक अक्षर वाचा. एक अक्षर, एक बाण.

```
व ह              q0 q1 q2                      ॲक्सेप्ट
ह व              q0 q0 q1                      रिजेक्ट
व ह ल ह          q0 q1 q2 q1 q2                ॲक्सेप्ट
व ह ग व          q0 q1 q2 q0 q1                रिजेक्ट
व ह ग ह व ल ह व  q0 q1 q2 q0 q0 q1 q1 q2 q2    ॲक्सेप्ट
ε                q0                            रिजेक्ट
```

पहिल्या दोन ओळींत अक्षरं तीच, फक्त क्रम उलटा. लाइट येण्याआधी दाबलेलं बटण वाया गेलं. शेवटच्या ओळीतली रिकामी स्ट्रिंग विसरू नका: काहीच न घडता मशीन q0 मध्येच आहे आणि q0 ला दुहेरी वर्तुळ नाही.

चौथ्या ओळीपाशी थांबू. मागच्या तासाला एका मुलाने ती फळ्यावर सोडवली. बोट बरोबर फिरवलं, q2 वर आला आणि "ॲक्सेप्ट, सर" म्हणून खडू ठेवून दिला. त्याला विचारलं, "अरे, अजून दोन अक्षरं आहेत ना?" तो म्हणाला, "पण एकदा दुहेरी वर्तुळात पोचलो होतो ना, सर." मग त्यालाच विचारलं, "रात्री दोनला मोटर चालू केली, तीनला लाइट गेली, चारला आली. पाच वाजता बाबा मळ्यात गेले, तर ठिबकच्या नळीतून पाणी येत असेल का?" तो लगेच म्हणाला, "नाही, स्टार्टर पडलेला असेल." हेच उत्तर मशीनचं आहे. वाटेत q2 लागला की नाही याला काही किंमत नाही. अक्षरं संपली तेव्हा बोट कुठे आहे, तेवढंच बघायचं. ही एक गोष्ट पक्की झाली तर या धड्याचं बरंचसं ओझं उतरतं, असं मला मनापासून वाटतं.

सहा स्ट्रिंग तपासल्या म्हणजे मशीनची भाषा कळली असं नाही, ती शब्दांत सांगता आली पाहिजे. मी अशी सांगेन: शेवटच्या ग नंतर (ग नसेलच तर सुरुवातीपासून) व आलेला असावा, त्या व नंतर कधीतरी ह यावा, आणि शेवटच्या ह नंतर ल नसावा. पाचव्या ओळीला हे लावून बघा. शेवटच्या ग नंतर उरतं ह व ल ह व. व आहे, त्यानंतर ह आहे, त्यापुढे ल नाही. जुळलं.

आता स्टार्टरला ऑटो लावा. लाइट आली की मोटर आपोआप चालू. आकृतीत फक्त एक बाण हलतो: q0 वरून निघणारा व आता q1 कडे न जाता थेट q2 कडे जातो. बाकी अकरा बाण जिथल्या तिथे.

```
व          q0 q2             ॲक्सेप्ट
ह व        q0 q0 q2          ॲक्सेप्ट
व ह ग व    q0 q2 q2 q0 q2    ॲक्सेप्ट
व ल ग      q0 q2 q1 q0       रिजेक्ट
```

तीच व ह ग व आता ॲक्सेप्ट. q0 वरचा जुना व चा बाण मात्र आठवणीने खोडा. जुना आणि नवा दोन्ही ठेवले तर एका अक्षराला दोन वाटा होतात आणि ती डिटरमिनिस्टिक मशीन राहत नाही. तशी मशीनही अभ्यासात आहे. रॅबिन आणि स्कॉट यांनी ती १९५९ साली मांडली, आणि त्या कामासाठी दोघांना १९७६ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तो धडा पुढच्या आठवड्यात.

एका मुलीने विचारलेला प्रश्न फार चांगला होता, म्हणून इथे लिहितो: "सर, लाइट किती वेळा गेली ते ही मशीन सांगू शकेल का?" नाही. तिला फक्त आपण कुठल्या वर्तुळात आहोत तेवढंच आठवतं. ग सम वेळा आला की विषम, एवढंच हवं असेल तर जमतं: प्रत्येक वर्तुळाची एक सम आणि एक विषम जोडी करा, सहा वर्तुळं होतील. पण व आणि ग अगदी सारख्याच वेळा आले का, हे ओळखायला कितीही वर्तुळं काढली तरी पुरणार नाहीत.

शुक्रवारी करून आणायचं: ती सहा वर्तुळांची आकृती, चोवीस बाणांसह. दुहेरी वर्तुळ एकच, मोटर चालू आणि ग सम. मग साध्या स्टार्टरच्या नियमाने या तीन स्ट्रिंग तिच्यावर फिरवा आणि वाटेतली प्रत्येक स्टेट लिहा: व ह ग व ह, व ह ग ग व ह, आणि ग व ग व ह ह. दुसरीतला जोड-ग चुकीने पडलेला नाही. लाइट नसताना आलेला ग मोटरच्या बाजूने काहीच बदलत नाही, पण मोजणीच्या बाजूने बदलतो. तिथे तुमच्या आकृतीत सेल्फ लूप दिसला तर तो खोडून पुन्हा विचार करा.